धागा: भाचीला निरोप समारंभात जर्मनमध्ये बोलायचंय, मसुदा बघाल का?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. माझी भाची खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दहावीला आहे. दीड वर्षापासून दर रविवारी एसटीने बेळगावला जाऊन जर्मन शिकते. पहिली पातळी झाली, दुसरी चालू आहे. कुणीतरी हेडसरांच्या कानावर घातलं आणि त्यांनी फर्मान काढलं की निरोप समारंभात हिने दोन मिनिटं जर्मनमध्ये बोलायचं. समारंभ पुढच्या शनिवारी. शिकवणाऱ्या मॅडम नेमक्या घरच्या लग्नाला गेल्यात, फोन लागत नाही.

पोरीने आधी मराठीत चाळीस ओळी लिहिल्या. मग एक मराठी-इंग्रजी आणि एक इंग्रजी-जर्मन असे दोन शब्दकोश घेऊन बसली. पहिलं वाक्य होतं 'आज आम्ही निरोप देतो'. त्याचं केलंय 'हॉयटे वीर गेबन डी नाखरिष्ट'. गुरूंचं ऋण आहे त्याचं 'वीर हाबन फीले शुल्डन बाय ईनन'. मला जर्मन येत नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून वाटतंय की तिलाही हे पटलेलं नाही. कुणी जाणकार आहे का इथे? आणि समोर बसलेल्या एकालाही जर्मन कळणार नाही, तर हे बोलावं तरी कसं?

टिळकवाडीचा_तात्या
कुणालाच कळणार नाही म्हणजे चुकलं तरी कुणाला कळणार नाही की! काळजी कसली करायलाय ताई. माझ्या वेळी मी इंग्रजीत बोललो होतो, तेव्हा तर सरांनाही कळलं नव्हतं.

सीमावासी
परकी भाषा परकी भाषा म्हणून लेकरांवर किती ओझं टाकायचं? आमच्या मुलाला सहावीपासून हेच चाललंय. मराठी शाळेतल्या समारंभात कन्नडमधून भाषण कशाला? आधी फलक, मग कागदपत्रं, आता निरोपसुद्धा?

मलप्रभाकाठ
@सीमावासी दादा, जर्मन म्हटलंय मी. जर्मनी देशातली जर्मन.

सीमावासी
बरं बरं. 'निरोप समारंभात' एवढंच वाचून सुटलो. खरं मुद्दा तोच राहतो, मराठी शाळेत मराठीत बोला की.

वडगावची_अक्का
तिचं मराठीतलं भाषण दुसरी कुणीतरी करणारच असेल. हेडसरांनी हौसेनं सांगितलंय, पोरगी हौसेनं शिकायला लागलीय. त्यात भांडण कशाला काढायचं? आणि कन्नड काय परकी आहे का हो दादा? माझ्या मागावर अर्धे शब्द कन्नड आहेत.

उद्यमबाग_फाउंड्री
मी जर्मन मशिनींवर वीस वर्षं काम केलंय, त्यांचे फिटर येतात तेव्हा मीच सोबत असतो. घाबरायचं कारण नाही. जर्मन इंग्रजीसारखी फसवी नाही, जशी लिहितात तशीच वाचतात. सगळं देवनागरीत लिहून काढा आणि पाठ करायला लावा, विषय संपला. आभाराचं वाक्य 'वीर डांकन ज़ी' असं करा, साधं सोपं.

खडू_आणि_डस्टर
शहापूर माझं माहेर. पुण्यात चौदा वर्षं जर्मन शिकवतेय, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. जरा सविस्तर लिहिते.

पहिलं, 'नाखरिष्ट' लगेच काढा. चूक पोरीची नाही, आपल्या 'निरोप' या शब्दाची आहे. आपण निरोप 'धाडतो' तेव्हा तो सांगावा असतो आणि निरोप 'घेतो' तेव्हा ताटातूट असते. तिच्या पहिल्या शब्दकोशाने सांगाव्याचा अर्थ दिला, दुसऱ्याने त्या सांगाव्याचं जर्मन करून दिलं. वाक्याचा अर्थ झाला, 'आज आम्ही बातमी देतो.' दोन कोशांच्या साखळीत असं हमखास होतं. पकडायची युक्ती सोपी आहे. मिळालेला जर्मन शब्द उलट्या बाजूने शोधायचा आणि परत आपल्या शब्दावर येतो का ते बघायचं. नाखरिष्ट उलटा शोधला की बातमी, संदेश असंच निघतं. निरोप समारंभ कुठेच निघत नाही.

हवा असलेला शब्द 'आप्शीट'. आणि गंमत बघा, जर्मन माणूसही निरोप 'घेतोच'. आप्शीट नेमन, शब्दशः निरोप घेणं. तिचं मूळ मराठी वाक्यच 'आज आम्ही निरोप घेतो' असं असतं, तर अर्धं काम झालं होतं. निरोप देणार ती नववीची मुलं, दहावीची नाहीत.

दुसरं, 'हॉयटे वीर' नको. जर्मनमध्ये साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं. वाक्याची सुरुवात 'आज'ने केली की लगेच क्रियापद आणि मग 'आम्ही'. म्हणून 'हॉयटे नेमन वीर आप्शीट फॉन उन्ज़रर शूले', आज आम्ही आपल्या शाळेचा निरोप घेतो. आपली मुलं इंग्रजीच्या सवयीने 'आज आम्ही' असं लावत जातात. तपासताना प्रत्येक वाक्याच्या दुसऱ्या जागेवर बोट ठेवायचं. तिथे क्रियापद नसेल तर वाक्य मोडलेलं आहे.

तिसरं, 'शुल्डन'. वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला वाटेल की शाळेच्या सोसायटीचं कर्ज थकलंय. शुल्डन म्हणजे पैशाची देणी. गुरुऋण ही आपली कल्पना आहे, ती तशीच उचलून तिकडे नेता येत नाही. तिथे सरळ आभार मानावेत.

आता @उद्यमबाग_फाउंड्री दादा, 'वीर डांकन ज़ी' असं होत नाही. आभार ज्याला द्यायचे तो शब्द चतुर्थीत जातो, म्हणून 'वीर डांकन ईनन'. आपण 'तुमचे आभार' म्हणतो, षष्ठीत. त्यामुळे मराठी मुलं 'तुमचे' म्हणून फसतात, आणि इंग्रजीवरून गेलेले तुमच्यासारखे 'ज़ी' म्हणून फसतात.

उद्यमबाग_फाउंड्री
वीस वर्षं मी 'डांके ज़ी' म्हणत आलोय. कुणी कधी काही बोललं नाही!

टिळकवाडीचा_तात्या
मशीन चालू झाल्यावर कोण व्याकरण बघतंय.

खडू_आणि_डस्टर
तुमचं अर्धं बरोबरच आहे दादा. जर्मन बरीचशी नियमाने वाचता येते, फक्त नियम आपले नाहीत. शब्दाच्या शेवटचा 'ड' ऐकताना 'ट' होतो, म्हणून 'उंड' लिहितात पण ऐकू येतं 'उन्ट'. व्ही अक्षर बहुतेक ठिकाणी 'फ' असतं आणि डब्ल्यू म्हणजे 'व'. स्वराआधीचा एस 'ज़' होतो.

इथे आपण मराठी लोक नशीबवान. आपल्याकडे च दोन आणि ज दोन. जर्मन झेडचा उच्चार चमच्यातल्या च सारखा, चुलीतल्या च सारखा. 'त्सू' शिकवायला मला हिंदी भाषक मुलांना आठवडा लागतो, मराठी मुलांना 'चूल म्हण' एवढं सांगितलं की झालं. आणि एसचा ज म्हणजे जहाजातला ज. जेवणातला नव्हे.

अडचण दोन ठिकाणी. एक म्हणजे 'फ्यूर' आणि 'फ्यून्फ'मधला स्वर. आपण 'यू' लिहितो, पण तिथे य अजिबात नाही. तोंडात 'ई' म्हणायचं आणि तसंच ठेवून ओठ मात्र 'ऊ'सारखे गोल करायचे. आरशासमोर दहा वेळा केलं की जमतं. दुसरी 'इश'मधला शेवटचा आवाज. तो श नाही आणि खही नाही. 'ही' हळूच, कुजबुजत म्हणताना जी हवा जिभेवरून घासत जाते, ती. हे देवनागरीत लिहायला अक्षर नाही. म्हणून देवनागरी कागद आधाराला ठेवा, पण पाठांतर मूळ लिपीतून आणि कानाने व्हायला हवं.

धारवाडी_पेढा
माझी मातृभाषा कन्नड, मराठी सासरची. जर्मन आमच्या भागाला नवीन नाही बरं का. कन्नडचा मोठा शब्दकोश केला तो फर्दिनांद किटेल या जर्मन मिशनऱ्याने, 1894 साली छापला. हुबळी-धारवाडकडे राहून लोकांकडून शब्द गोळा केले होते त्याने. आणि कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र 'मंगळूर समाचार', 1843चं, तेही हर्मन मोग्लिंग या जर्मन माणसाने काढलेलं. तेव्हा @सीमावासी यांनी हरकत घेऊ नये, परतफेड चालू आहे असं समजा.

सीमावासी
परतफेड करायची तर कन्नडवाल्यांनी करावी की, कोश त्यांचा झाला 😀 मी काही बोलत नाही आता.

वर्गमित्र_८७
माझी गोष्ट सांगतो. आमच्या सरांनी इंग्रजीतलं दीड पानाचं भाषण माझ्याकडून घोकून घेतलं होतं. एका शब्दाचाही अर्थ ठाऊक नव्हता. स्टेजवर गेलो, चौथ्या वाक्यानंतर अडकलो, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत चौथ्याला अडकलो. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी पोरांनीच चौथं वाक्य म्हणून दाखवलं, कारण तोवर त्यांचंही पाठ झालं होतं. आजही माईक बघितला की पोटात गोळा येतो. तेव्हा ताई, पोरीला समजतंय तेवढंच बोलू द्या.

खडू_आणि_डस्टर
@वर्गमित्र_८७ अगदी हेच. पाठ झालंय की समजलंय, हे बघायचं असेल तर तिला मधूनच, सहाव्या वाक्यापासून सुरू करायला सांगा. माळेसारखं घोकलं असेल तर मागे जाऊन पहिल्यापासून म्हणावं लागेल. किंवा 'तीन वर्षं'च्या जागी 'दोन वर्षं' म्हणायला सांगा. समजलं असेल तर एकच शब्द बदलेल आणि पुढे जाईल.

लांबीबद्दल. चाळीस ओळी विसरा. या पातळीच्या मुलीने नऊ-दहा छोटी वाक्यं, प्रत्येकात एकच क्रियापद, हळू आणि थांबत म्हटली की दीड मिनिट सहज जातं. उरलेला वेळ टाळ्यांना आणि मराठीला.

मलप्रभाकाठ
ताई, किती आभार मानू! आत्ताच तिला फोनवर वाचून दाखवलं. 'निरोप'चं ऐकून आधी हसली, मग थोडी रडवेली झाली, कारण आख्खी वही भरली होती. आता नवीन लिहिते म्हणाली. तिचा प्रश्न: सर, मॅडम, मित्रमैत्रिणी, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचं, तर एकच शब्द चालेल का?

खडू_आणि_डस्टर
नाही चालणार, छान विचारलं. शिक्षकांशी बोलताना आदरार्थी ज़ी, चतुर्थीत ईनन. वर्गमित्रांकडे वळली की ईर आणि ऑइश. मराठीत अनेकवचनी 'तुम्ही'मध्ये दोन्ही भागतं, तिथे भागत नाही. शिक्षकांना 'ऑइश' म्हटलं तर ते 'अरे पोरांनो'च्या जवळ जातं. उपाय सोपा आहे. भाषणाचे दोन भाग करायचे, पहिला शिक्षकांसाठी आणि दुसरा मुलांसाठी, आणि मध्ये शरीरही वळवायचं. तोंड मुलांकडे, शब्द ऑइश. मिसळ होत नाही.

आणि 'सर' तिथे नाही. आडनावाआधी हेर किंवा फ्राउ. हेडसरांसाठी 'ज़ेर गेएर्टर हेर अमुक', म्हणजे अति-आदरणीय. बाई असत्या तर 'गेएर्टे फ्राउ'. बाकी शिक्षकांना 'लीबे लेररिनन उन्ट लेरर', प्रिय शिक्षिका आणि शिक्षक.

वडगावची_अक्का
सरांना 'प्रिय' म्हणायचं? आमच्याकडे स्टेजवर असं म्हटलं तर मागचे बाक शिट्टी मारतील.

खडू_आणि_डस्टर
तिकडे शाळेत ते अगदी रीतसर आहे अक्का. पण मराठी सांगताना 'आदरणीय' म्हणायला हरकत नाही.

उद्यमबाग_फाउंड्री
माझ्या मते सगळ्यांनाच गेएर्टे म्हणावं. आमच्याकडे कंपनीची पत्रं येतात त्यात तसंच असतं. शाळेतही आदर कमी करायचं कारण नाही.

खडू_आणि_डस्टर
ते पत्र आहे दादा, हे भाषण आहे. चूक नाही, पण पोरगी कचेरीतून आल्यासारखी वाटेल.

उद्यमबाग_फाउंड्री
मला नाही पटलं, असो.

मलप्रभाकाठ
हे घ्या, काल रात्री तिने बसून लिहिलेलं. मूळ रोमन लिपीत आहे, मी तिला विचारून देवनागरीत टाकतेय.

ज़ेर गेएर्टर हेर अमुक, लीबे लेररिनन उन्ट लेरर. हॉयटे नेमन वीर आप्शीट फॉन उन्ज़रर शूले. द्राय यारे लांग वारन वीर हीर त्सू हाउज़े. वीर हाबन फील गेलेर्न्ट उन्ट फील गेलाख्ट. मांशमाल वीर हाबन ज़ी गेएर्गर्ट. एन्टशुल्डिगुंग! वीर डांकन ईनन फ्यूर ईरे गेडुल्ट. लीबे फ्रॉइंडे, इश डांके ऑइश. वीर ज़ागन निष्ट 'लेप वोल'. वीर ज़ागन 'आउफ वीडरज़ेन'.

मराठीत: आज आम्ही शाळेचा निरोप घेतो. तीन वर्षं हे आमचं घरच होतं. खूप शिकलो, खूप हसलो. कधी कधी तुम्हाला त्रासही दिला, माफ करा! तुमच्या सोशिकपणाबद्दल आभार. मित्रांनो, तुमचेही आभार. कायमचा निरोप घेत नाही, परत भेटू म्हणतो.

खडू_आणि_डस्टर
वा! 'त्रास दिला, माफ करा' या ओळीला पोरगी खरी बोलली. हे कुठल्या वहीत सापडलं नसतं.

एकच चूक. पाचवं वाक्य बघा, 'मांशमाल वीर हाबन'. 'मांशमाल' म्हणजे कधी कधी, त्याने सुरुवात झाली, म्हणून पुढे 'हाबन वीर' हवं. हॉयटेच्या वाक्यात तिने बरोबर केलंय आणि इथे विसरलीय. बोट ठेवायचा नियम दोनदा फिरवा. 'गेलेर्न्ट', 'गेलाख्ट', 'गेएर्गर्ट' तिन्ही शेवटी बसलेत, ते मात्र अचूक. तिथे मराठीची सवय कामी आली, आपलंही क्रियापद शेवटीच असतं.

'लेप वोल' आणि 'आउफ वीडरज़ेन'ची निवड चांगली आहे. पहिलं फार लांबच्या किंवा कायमच्या निरोपाला म्हणतात, दुसऱ्याचा अर्थच पुन्हा दिसेपर्यंत.

धारवाडी_पेढा
म्हणजे आमचं 'होगी बर्तीनि'! जाऊन येतो.

वडगावची_अक्का
आणि आपलं 'येतो'. माझी आजी 'जातो' म्हटलेलं ऐकलं की परत बसवून पाणी द्यायची.

टिळकवाडीचा_तात्या
ताई, मराठी अर्थ कधी सांगायचा, आधी की नंतर? आधी सांगितला तर लोक ऐकतील. नंतर सांगितला तर मधल्या वेळात झोपतील.

खडू_आणि_डस्टर
माझं मत आधी, एखाद्या मैत्रिणीकडून. मग लोकांना 'एन्टशुल्डिगुंग'ला कधी हसायचं ते कळतं.

वर्गमित्र_८७
नंतर ठेवा. आधी सांगितलं की लोक ताडून बघत बसतात, पोरीवर दडपण येतं. ओळीमागून ओळ असं दोघींनी केलं तरी चालेल.

खडू_आणि_डस्टर
ओळीमागून ओळ नको. नवखी मुलगी दर वाक्याला थांबली की पुढचं विसरते. बाकी आधी-नंतर तिला ठरवू दे. कागदावर ठळक अक्षरात दहा ओळी, दोन भागांच्या मध्ये मोकळी जागा, आणि कागद हातात असला तरी लाज नाही. शनिवारआधी तिच्याकडून एकदा रेकॉर्ड करून मला धाडा, ऐकते.

*(पाच दिवसांनी)*

मलप्रभाकाठ
झालं मंडळी. मराठी अर्थ शेवटी मैत्रिणीने नंतर सांगितला, पण 'एन्टशुल्डिगुंग' म्हणताना भाचीने कान पकडले, त्यामुळे हशा आधीच झाला. मधलं 'गेडुल्ट' चुकून दोनदा म्हटलं, कुणाला कळलं नाही. आउफ वीडरज़ेन नववीच्या पोरांनी परत म्हणून दाखवलं, पण 'आउ वीडा' असं. कन्नडच्या मॅडमनी उतरल्यावर तिला विचारलं, काय म्हणालीस शेवटी. तिने सांगितलं आणि मग त्या दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या, मी काही जवळ गेले नाही.

हेडसरांची तक्रार एवढीच की फार लवकर संपलं. पाहुण्यांचं भाषण चाळीस मिनिटं झालं, त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

टिळकवाडीचा_तात्या
पाहुणे कुठल्या भाषेत बोलले?

मलप्रभाकाठ
मराठीत. तरी कळलं नाही.

उद्यमबाग_फाउंड्री
अभिनंदन. काल पुण्याहून आलेल्या जर्मन फिटरला विचारलं, 'डांके ज़ी' चालतं का. तो म्हणाला, तुम्ही म्हणा, आम्हाला कळतं. म्हणजे चुकीचंच आहे बहुतेक.

सीमावासी
ताई, पोरीच्या जर्मन क्लासची वेळ काय आहे रविवारची? आमचा पोरगा आठवीला आहे. विचारून ठेवतोय फक्त.